बुरशीवर मारलेलं पॉलिश: वेताच्या खुर्च्यांबाबत आमची झालेली फसवणूक

आम्ही चिपळूणला राहतो. पडवीत सासूबाईंच्या वेळच्या चार वेताच्या खुर्च्या आणि एक टीपॉय होता. चार महिने पाऊस कोसळला की त्यांच्यावर बुरशी धरतेच, पण त्या वर्षी जरा जास्तच धरली. सीटच्या विणकामावर पांढरट-हिरवी लव, हातांच्या बांधणीवर काळे ठिपके आणि जवळ गेलं की कुबट वास.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक माणूस दारात आला. "वहिनी, वेताचं पॉलिश करून देतो. बुरशी परत येणार नाही, पाच वर्षांची गॅरंटी." त्याने एका खुर्चीच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतून फडकं फिरवलं आणि हात लख्ख झाला. मी तिथेच फसले. पृष्ठभागावरची ताजी बुरशी साध्या ओल्या फडक्यानेही निघते. त्याने पुसलेल्या जागी काळा ठिपका नव्हता, फक्त लव होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

तीन हजार आठशे ठरले, त्यातले दोन हजार त्याने आधी घेतले. सकाळी त्याने खुर्च्यांवर बादलीतलं पाणी मारून घासलं. पोहण्याच्या तलावाला येतो तसा उग्र वास आला, म्हणजे पाण्यात ब्लीच होतं. वेत पिवळ्याचा पांढराफटक पडला. दुपारी दोनला त्याच खुर्च्यांवर गडद तपकिरी वॉर्निशचा हात मारला. विणकाम अजून हाताला गार लागत होतं. मी तसं म्हटलंसुद्धा, तर "हे केमिकल ओल ओढून घेतं" म्हणाला. संध्याकाळी उरलेले पैसे घेऊन गेला. त्याचा फोन त्यानंतर कधीच लागला नाही.

पंधरा दिवसांत वॉर्निश दुधाळ दिसायला लागलं. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघाला आणि खाली तीच बुरशी. काळे ठिपके गेले नव्हतेच, तपकिरी रंगाखाली लपले होते. डिसेंबरात एका खुर्चीच्या सीटचे वेत बसल्या बसल्या कडकड तुटले.

शेवटी बाजारात वेतकाम करणाऱ्या काकांकडे ती खुर्ची नेली. त्यांनी तुटलेलं टोक बोटात चुरडून दाखवलं. त्याचे तंतू पिंजलेल्या कापसासारखे सुटत होते. "कडक ब्लीचने वेताचा चिवटपणा जातो. वर ओल आत कोंडली, मग बुरशीला आणखी काय हवं?" वेताची वरची साल गुळगुळीत असते, पण चिरलेल्या पट्टीची आतली बाजू पाणी पिते आणि विणकामाच्या गाठी सगळ्यात उशिरा वाळतात. म्हणून वरून कोरडी दिसणारी खुर्ची आत ओली असू शकते. त्यांनी पाहायची सोपी रीत सांगितली: बांधणीभोवती प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून तासभर उन्हात ठेवायची. आतून दव धरलं, तर अजून पॉलिशला हात लावायचा नाही.

काळ्या ठिपक्यांबद्दलही त्यांनी जे सांगितलं ते मला त्या माणसाकडून कधीच ऐकायला मिळालं नसतं. लव पुसली जाते, पण काळा डाग म्हणजे बुरशीचा रंग तंतूंमध्ये उतरलेला असतो. तो फिका होतो, पूर्ण जात नाही. खिळ्याभोवती गोल काळा डाग असेल तर तो बहुधा गंजाचा असतो, बुरशीचा नाही. आणि खुर्चीखाली पिठासारखी भुकटी व वेताला बारीक भोकं दिसली तर ते किड्याचं काम, तिथे बुरशीचा इलाज लागू पडत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर टीपॉयचं काम मी स्वतः केलं. तो त्या वेळी माडीवर होता म्हणून वाचला होता. अंगणात नेऊन, तोंडाला फडकं बांधून, आधी कोरड्या मऊ ब्रशने लव झाडली. घरात झाडली असती तर सगळीकडे उडाली असती. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, आधी खालच्या बाजूला थोडं लावून पाहिलं. रंग बिघडला नाही तेव्हा फडकं पिळून वेताच्या धाग्याच्या दिशेने पुसलं, गाठींत जुना टूथब्रश फिरवला. दहा मिनिटांनी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून काढलं. पाणी ओतलं कुठेच नाही. तीन दिवस सावलीत, वारा लागेल असा उलटा ठेवला. कडक उन्हात वेत तडकतो. पिशवी बांधून पाहिली, दव नव्हतं, तेव्हाच पारदर्शक वॉर्निशचा एक पातळ हात दिला. ठिपके फिके दिसतात, वास मात्र गेला.

व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

खुर्च्यांचं मात्र तसं झालं नाही. विणकामातून वॉर्निश काढणं जवळजवळ अशक्यच आहे. काकांनी दोन खुर्च्यांची सीटं नव्याने विणून दिली. उरलेल्या दोनांचे सांगाडे माळ्यावर आहेत.