सात महिने एआयची चित्रं वर्गात वापरल्यावर: 1510 च्या गोव्यात मंगळुरी कौलं

मी फोंडा तालुक्यात आठवी-नववीला इतिहास शिकवतो. गेल्या जूनपासून, म्हणजे सात महिने, मजकूर लिहून चित्र तयार करणारं एक एआय साधन धड्यांसाठी वापरतोय. साधन उपयोगी आहे, पण तपासल्याशिवाय त्याचं एकही चित्र मी आता वर्गात लावत नाही. तसं ठरवायला लावणाऱ्या चित्राबद्दल सविस्तर लिहितो.

25 नोव्हेंबर 1510 रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकला. त्या दिवसाचा मांडवीकाठचा धक्का मी मागितला. चित्र इतकं सुंदर आलं की मी ते लगेच प्रोजेक्टरवर लावलं. दोन मिनिटांत मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, ही बॉम जिझसची बासिलिका ना? आम्ही सहलीला गेलो होतो." तिचं बरोबर होतं. त्या बासिलिकेचं बांधकाम 1594 मध्ये सुरू झालं. त्यातही चित्रात ती आजच्यासारखी उघड्या लाल चिऱ्यांची होती. तिचा बाहेरचा गिलावा काढला गेला तो 1950 च्या दशकात. म्हणजे एकाच इमारतीत दोन काळांच्या चुका होत्या.

घरी बसून बाकीचं चित्र पाहिलं. घरांवर मंगळुरी कौलं होती, ज्यांचे कारखाने 1860 च्या दशकात निघाले. सैनिकांच्या डोक्यावर तीन कोपऱ्यांच्या टोप्या होत्या, त्या युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाल्या. हातातल्या बंदुका गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या होत्या. 1510 मध्ये जळत्या वातीची बंदूक असायला हवी. बाजारात लाल मिरच्यांचे ढीग होते, आणि मिरची तर पोर्तुगीजांच्याच जहाजांतून नंतर इकडे आली. असं होण्याचं कारण मला असं वाटतं: साधन ज्या चित्रांवर शिकलं त्यांत गोव्याचे आजचे, पर्यटकांनी काढलेले फोटोच जास्त असणार. वर्ष सांगितलं तरी ते आजचं गोवा काढतं आणि माणसांना जुने कपडे घालतं.

आता माझी पद्धत अशी आहे. चित्र मागण्याआधी वहीत वर्ष आणि नेमकी जागा लिहितो. चित्र आलं की ते मोठं करून डावीकडून उजवीकडे सरकत जातो आणि दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव उतरवतो: छप्पर, खिडकी, टोपी, हत्यार, टोपलीतलं फळ. प्रत्येकापुढे एकच प्रश्न असतो, ही वस्तू गोव्यात कधीपासून आहे? उत्तर बरोबर, चूक किंवा माहीत नाही. यातलं तिसरं उत्तर प्रामाणिकपणे लिहिणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण चित्र पटण्यासारखं असलं की हात आपोआप "बरोबर" लिहितो. "माहीत नाही" असेल तो भाग मी करड्या रंगाने झाकतो. एका चित्राला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

कपड्यांसाठी त्या काळात काढलेली चित्रं समोर ठेवतो. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात 1540 च्या आसपासची जलरंगातली चित्रं आहेत, त्यांत पोर्तुगीजांच्या संपर्कातले किनाऱ्यावरचे लोक दिसतात. डच प्रवासी लिन्सखोटेन 1583 ते 1588 गोव्यात होता. त्याच्या 1596 च्या पुस्तकात इथल्या बाजाराचं चित्र आहे. तेही आंधळेपणाने घेऊ नये, कारण त्याचे ठसे हॉलंडात कोरले गेले आणि माणसांची शरीरं युरोपीय घाटाची झाली. टोपी, छत्री, पालखी पाहायला ते चांगलं. सामान्य कुळंब्याच्या घरातलं काही ठरवायचं असेल तर दोन्ही अपुरी पडतात, आणि मग मी तसं चित्र मागतच नाही.

दुरुस्तीबद्दल एक अनुभव सांगण्याजोगा आहे. "चर्च नको" असं लिहिलं की चर्च हमखास परत येई. त्याऐवजी काय हवं ते लिहिलं, "नदीकाठी झावळ्यांनी शाकारलेली घरं, मागे चिऱ्यांची तटबंदी", तेव्हा ते गेलं. टोप्या बदलायला सांगितल्यावर मात्र सगळं चित्रच नव्याने काढलं गेलं आणि कोपऱ्यात कौलं पुन्हा आली. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर यादी पहिल्यापासून तपासावी लागते. दोन फेऱ्यांत जमलं नाही तर मी चित्र सोडून देतो.

दिवाळीनंतर हीच यादी नववीच्या मुलांच्या हाती दिली. पाच-पाच जणांच्या गटांना बासिलिका आणि मिरच्या असलेलं ते पहिलंच चित्र दिलं. कौलं एका गटाने पकडली, कारण एकाच्या आजोबांच्या घरावरच्या कौलामागे कारखान्याचं नाव आणि साल उमटलेलं होतं. बंदुकीची चूक कुणालाच दिसली नाही. आदिलशाही राजवाड्याचं दार जुन्या गोव्यात अजून उभं आहे. पुढच्या सहलीत त्याचे फोटो मुलांनीच काढायचे आणि पुढच्या चित्राशी ताडून पाहायचे, असं आम्ही ठरवलंय.