पोलिसांची नोंद की मुलाची कबुली: बालगुन्हेगारी मोजताना कशावर विसंबायचं?

दक्षिण लंडनच्या कामगार वस्तीतल्या ४११ मुलांचा केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६१पासून पुढची कित्येक दशकं पाठपुरावा केला. ही मुलं बत्तिशीला पोहोचली तोवर न्यायालयाने दोषी ठरवलेले त्यांच्यात साधारण एक तृतीयांश होते. त्यांनाच विचारलं, तेव्हा यादीतला निदान एक तरी गुन्हा केल्याचं ९६ टक्क्यांनी सांगितलं. माणसं तीच, काळ तोच, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. प्रबंधासाठी किंवा संस्थेच्या अहवालासाठी 'आमच्या भागातली बालगुन्हेगारी' मोजायला निघालेल्याने यातला कोणता आकडा घ्यायचा, हे त्याचा प्रश्न काय आहे यावर ठरेल. पण त्याआधी दोन्ही आकडे कुठे आणि कसे चुकतात ते पाहायला हवं.

सरकारी नोंदीचं आपल्याकडचं गणित जरा विचित्र आहे. बाल न्याय कायद्याखालचे २०१६चे आदर्श नियम सांगतात, की विधिसंघर्षग्रस्त म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकावर एफआयआर दाखल करायचा तो आरोप अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा असेल तरच, किंवा मुलाने ते कृत्य प्रौढांच्या साथीने केलं असेल तर. एरवी ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. आता पंधरा वर्षांच्या मुलाने एकट्याने मोबाइल चोरला, तर नियमाप्रमाणे ते डायरीतच राहतं. तीच चोरी त्याने बावीस वर्षांच्या मित्राबरोबर केली, तर एफआयआर होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दाखल गुन्ह्यांवर उभे असतात. एकाच एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर त्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्याचीच मोजणी होते. एखाद्या जिल्ह्यातले आकडे घटले, तर मुलं सुधारली की ठाण्याने नियम नीट पाळायला सुरुवात केली, हे नुसत्या तक्त्यावरून सांगता येत नाही.

म्हणून मुलांनाच विचारायची पद्धत पुढे आली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शॉर्ट आणि नाय या समाजशास्त्रज्ञांनी हायस्कूलच्या मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. नोंदींत गरीब घरातली मुलंच जास्त दिसत होती. प्रश्नावलीत वर्गावर्गांतला तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. पोलीस गरिबांनाच पकडतात, असा निष्कर्ष पुष्कळांनी आनंदाने काढला. तो घाईचा होता, असं माझं मत. प्रश्नावलीत शाळा बुडवणं, किरकोळ वस्तू उचलणं, मारामारी असल्या गोष्टींची भरती होती आणि पोलिसांच्या दप्तरात घरफोडी नि वाहनचोरी. दोन वेगळ्या गोष्टी मोजून उत्तरं जुळत नाहीत म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

या पद्धतीचा खरा कस लागला तो अमेरिकेतल्या सिएटलमध्ये. हिंडलांग, हिर्शी आणि वाईस यांचा हा अभ्यास १९८१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी शाळेतली मुलं तर घेतलीच, शिवाय पोलिसांच्या आणि बाल न्यायालयाच्या दप्तरातून नोंद असलेली मुलं मुद्दाम निवडली. कुणाला निनावी प्रश्नावली, कुणाला नावानिशी, कुणाची समोरासमोर मुलाखत. मग मुलाची उत्तरं त्याच्या नोंदीशी ताडून पाहिली. विचारण्याच्या पद्धतीने उत्तरांत फारसा फरक पडला नाही, हे त्यांनाही अनपेक्षित असावं. फरक पडला तो कोण उत्तर देतंय याने. नोंद झालेल्या गुन्ह्यांपैकी गोऱ्या मुलांनी साधारण दहावा भाग सांगितला नाही, तर काळ्या मुलांनी साधारण तिसरा भाग; गंभीर गुन्ह्यांत लपवण्याचं प्रमाण आणखी वाढलं. खोटेपणा सर्वांत सारखा वाटलेला असता तर सगळे आकडे एकाच मापाने खाली आले असते आणि गटांची तुलना शाबूत राहिली असती. तो एका गटात जास्त असल्यामुळे ती तुलनाच बिघडते.

पण या निकालाकडेही जपून पाहावं लागतं. मुलगा 'नाही' म्हणतो आणि नोंद 'हो' म्हणते, तेव्हा खोटी नोंदसुद्धा असू शकते. पोलीस ज्या वस्तीत सरसकट मुलं उचलतात, तिथे न केलेल्या गुन्ह्याची नोंद असणं अशक्य नाही. दुसरं असं, की हा पडताळा फक्त पकडल्या गेलेल्या गुन्ह्यांचा होतो. पकडलं जाणं सहसा लक्षात राहतं. न पकडलेलं कृत्य मुलाला आठवतं का, त्यावर हा पडताळा काहीच सांगत नाही.

आणि आठवणीचा घोटाळा प्रामाणिक मुलाच्या बाबतीतही होतो. 'गेल्या वर्षभरात' असं विचारलं की दीड वर्षापूर्वीची ठळक घटना पुढे सरकून वर्षात येते आणि किरकोळ घटना गळून पडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय युवक सर्वेक्षणाने म्हणून एका नाताळापासून दुसऱ्या नाताळापर्यंतचा काळ विचारला. आपल्याकडे 'मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत' असं विचारावं, मुलांना खूण सापडते. क्वचित काही करणाऱ्याला आकडा आठवतो. आठवड्याला करणारा ५०, १०० असे गोल आकडे फेकतो. उत्तरांत गोल आकड्यांची गर्दी दिसली की ती मोजणी नसून अंदाज आहे असं धरावं. आकड्यामागची घटनाही विचारून घ्यावी. याच सर्वेक्षणाच्या माहितीवरून ह्युझिंगा आणि एलियट यांनी दाखवून दिलं, की सांगितलेल्या 'गुन्ह्यां'त पोलिसांनी दखलही घेतली नसती अशा क्षुल्लक गोष्टी बऱ्याच असतात. 'कुणाला मारलंस का?' या प्रश्नावर धाकट्या भावाला दिलेला धपाटाही 'हो'मध्येच जमा होतो.

शाळेत वाटलेल्या प्रश्नावलीचं सर्वांत मोठं भगदाड मात्र खोटेपणाचंही नाही आणि विस्मृतीचंही नाही. ज्याला विचारायचं तोच त्या दिवशी वर्गात नसतो. सतत गुन्हे करणारी मुलं शाळा सोडलेली असतात, कामावर असतात, निरीक्षणगृहात असतात. शिवाय संख्येचाही अडसर आहे. समजा, हजारात दोन मुलं जबरी चोरी करतात. ६०० मुलांच्या नमुन्यात तुम्हाला सरासरी एखादंच सापडेल, आणि त्यावर तक्ता मांडता येत नाही.

त्यामुळे खुनासारखा अतिगंभीर गुन्हा हा विषय असेल तर सरळ नोंदींकडे जावं. अतिगंभीर गुन्ह्यांत एफआयआर होतोच, म्हणून त्यांचे आकडे किरकोळ चोरीच्या आकड्यांपेक्षा भरवशाचे. नशा, किरकोळ चोरी, मारामारी शाळकरी मुलांत किती पसरली आहे, आणि ती कोणत्या वयात सुरू होते, यासाठी स्वतःच्या तोंडची माहितीच घ्यावी. नोंदीतलं 'पहिला गुन्हा' हे वय बहुधा पहिल्यांदा पकडलं गेल्याचं असतं. जाती-धर्माची किंवा वस्त्यांची तुलना करायची असेल, तर दोन्हींपैकी एकावर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

दोन्ही जुळवून पाहावं हा मोह मग होतोच. पण जुळवायला नाव लागतं, आणि नाव लिहून घेतलं की उत्तर देणारा सावध होतो. आपल्या कायद्यात बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि बाल न्याय मंडळाचं दप्तर संशोधकाला सहज उघडत नाही. तरी ती वाट धरायचीच असेल, तर प्रश्नावली छापण्याआधी मंडळाची परवानगी, पालकांची आणि मुलाची संमती, आणि नाव व उत्तरं वेगवेगळ्या कुलपात ठेवण्याची सोय एवढं पदरात असावं. ते जमणार नसेल तर निनावी प्रश्नावली घ्या, आणि पडताळा करता आला नाही असं अहवालात लिहा.