वाढलेला ॲम्पिअर दाखवून जुनाच कॉम्प्रेसर ‘नवा’ म्हणून विकला गेला, त्याची हकिगत

‘साहेब, कॉम्प्रेसर ॲम्पिअर जास्त घेतोय, आतून गेलाय, आज-उद्या वाइंडिंग जळेल’ हे वाक्य उन्हाळ्यात सोलापुरात अनेकांनी ऐकले असेल. क्लॅम्प मीटरवरचा आकडा समोर दाखवून हे सांगितले जाते, आणि आकडा डोळ्यांनी दिसत असल्यामुळे वाद घालायला जागा उरत नाही. आमच्या बाबतीत आकडा खराच होता. खोटा होता तो त्यातून काढलेला निष्कर्ष, आणि त्यानंतर केलेली दुरुस्ती.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागांच्या शेडला लागूनच ऑफिस असून तिथे दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला साधा स्प्लिट एसी आहे. त्याचे बाहेरचे युनिट शेडच्या पत्र्याशेजारी गच्चीवर बसवलेले आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारी गारवा कमी पडू लागला आणि एसी अधूनमधून आपोआप बंद पडू लागला, म्हणून ओळखीतून एका तंत्रज्ञाला बोलावले. त्याने बाहेरच्या युनिटचे कव्हर काढले, कॉम्प्रेसरभोवतीचे नमद्याचे वेष्टण बाजूला सारले, कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या मुख्य वायरीला मीटरचा चिमटा लावला आणि १०.८ ॲम्पिअर हा आकडा दाखवला. युनिटच्या प्लेटवर एकूण करंट ७.४ ॲम्पिअर लिहिलेला होता. कॉम्प्रेसरच्या एकट्या वायरीत, म्हणजे पंखा वगळूनसुद्धा, जवळजवळ दीडपट करंट आहे, यावरून त्याने कॉम्प्रेसर बाद ठरवला. माझ्या मुलाने त्याच वेळी मोबाइलवर त्याचे बोलणे आणि मीटर दोन्ही चित्रित केले, कारण मी गावाला होतो आणि खर्चाचा निर्णय मला घ्यायचा होता.

तंत्रज्ञ बाहेरचे युनिट आपल्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसवून गेला. वेष्टणाच्या वर दिसणारा कॉम्प्रेसरचा भाग काळ्या रंगाने चकाकत होता आणि त्यावर तारखेचे नवे स्टिकर होते. दिवेलागणीनंतर त्याने पुन्हा मीटर लावून ६.७ ॲम्पिअर दाखवले. नवा कॉम्प्रेसर, नवा गॅस, कपॅसिटर आणि मजुरी असे मिळून साडेसोळा हजार रुपये त्याने घेतले. बिलावर कॉम्प्रेसरचा क्रमांक नव्हता, आणि जुना कॉम्प्रेसर ‘भंगारात वजा केला’ असे सांगून तो परत दिला नव्हता.

महिन्याच्या अखेरीस शेजारच्या कारखान्यात शीतकरणाची देखभाल करणारे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ दुसऱ्या कामासाठी आमच्याकडे आले होते. बिल पाहून त्यांनी कव्हर उघडायला सांगितले. कॉम्प्रेसर बदलायचा तर त्याच्या दोन्ही तांब्याच्या नळ्या गॅसच्या ज्योतीने सोडवून पुन्हा ब्रेझिंगने, म्हणजे वितळवलेल्या धातूने, जोडाव्या लागतात, आणि ताज्या जोडावर काळपट जळका पट्टा व नवा धातू स्पष्ट दिसतो. आमच्या नळ्यांचे जोड जुने, मळकट आणि कधीच न उघडलेले होते. त्यांनी वेष्टण खाली ओढून लेबलवरचा क्रमांक वाचला, मुलाच्या व्हिडिओत मीटरच्या मागे दिसणारा क्रमांक थांबवून मोठा केला, आणि दोन्ही क्रमांक अक्षर न् अक्षर एकच निघाले.

म्हणजे कॉम्प्रेसर तोच होता. तरीही करंट १०.८ वरून ६.७ वर कसा आला, हा प्रश्न मला चोरीपेक्षा मोठा वाटला, कारण ग्राहकाचा विश्वास नेमका याच फरकावर बसतो. त्याचे उत्तर त्यांनी त्याच दुपारी मोजून दाखवले, आणि ते मी शक्य तितके नेमकेपणाने लिहितो.

कॉम्प्रेसरची मोटार किती करंट घेईल, हे तिच्यावर पडणाऱ्या भारावर ठरते. कमी दाबाचा गॅस ओढून तो जास्त दाबाने कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाहेरच्या युनिटच्या जाळीत, ढकलणे हे तिचे काम असल्यामुळे कंडेन्सरमधला दाब चढला की करंटही चढतो. प्लेटवरचा आकडा बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश तापमान धरून दिलेला असतो; सोलापूरच्या मे महिन्यातली दुपार त्या आकड्याच्या हिशेबात नसते. बाहेरची हवा सात-आठ अंशांनी अधिक तापलेली असेल, तर यंत्र ठणठणीत असतानाही दहा टक्क्यांच्या आसपास करंट जास्त दिसतो. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. भार तोच असताना व्होल्टेज कमी झाला, तर मोटार तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी करंट जास्त ओढते. दुपारी आजूबाजूचे सगळे माग चालू असताना आमच्या पॅनेलवर २०७ व्होल्ट मिळतात, आणि संध्याकाळी माग बंद झाले की तिथेच २३१ दिसतात.

त्यांनी दुपारी तीनच्या सुमारास, एसी वीस मिनिटे चालू दिल्यानंतर मीटर लावला. सुरू होताना पहिला क्षणभर करंट नेहमीच्या कित्येक पट उसळतो आणि त्यानंतरही दाब स्थिरावेपर्यंत तो हलत राहतो, म्हणून लगेच घेतलेला आकडा निरर्थक असतो. बाहेर ४१ अंश, २०७ व्होल्ट, आणि करंट ८.९ ॲम्पिअर. प्लेटपेक्षा दीड ॲम्पिअर जास्त, पण ७.४ मध्ये उष्णतेचे दहा टक्के आणि कमी व्होल्टेजचे आणखी दहा-अकरा टक्के मिळवले, तर उत्तर जवळजवळ हेच येते. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत अकरा अंशांचा फरक होता, म्हणजे थंडावाही पुरेसा होता. जो तंत्रज्ञ प्लेटवरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा यांची थेट वजाबाकी करतो आणि व्होल्टेज मोजतच नाही, त्याने निदान केलेले नसते, असे ते म्हणाले. मला हे म्हणणे पटले.

उरलेले जवळजवळ दोन ॲम्पिअर कुठून आले होते? त्यांनी पुठ्ठ्याने कंडेन्सरच्या जाळीचा सुमारे निम्मा भाग झाकला आणि आम्ही मीटरकडे पाहत राहिलो. दोन-तीन मिनिटांत आकडा ८.९ वरून १०.३ पर्यंत चढला. पुठ्ठा काढताच उतरू लागला. व्हिडिओत पुन्हा पाहिले, तेव्हा जाळीच्या पात्यांवर मागांच्या सुताची फुई गोधडीसारखी साचलेली स्पष्ट दिसत होती. वर्कशॉपमध्ये नेऊन त्या माणसाने ती धुतली होती, एवढेच. शिवाय त्याने बदललेला जुना कपॅसिटर गच्चीच्या कोपऱ्यात पडला होता. त्यावर ४५ मायक्रोफॅरड छापलेले होते आणि मीटरवर ३४ भरले. सहसा पाच टक्क्यांपलीकडची घट चालत नाही. कपॅसिटर उतरला की स्टार्ट वाइंडिंगला मिळणारा आधार कमी होतो, मोटार जोर लावून फिरते, मुख्य वायरीतला करंट वाढतो, आणि तापल्यावर ओव्हरलोड हा सुरक्षेचा स्विच तिला बंद करतो. एसी अधूनमधून बंद का पडत होता, तेही इथे कळले. थोडक्यात, धुण्याची आणि काहीशे रुपयांच्या कपॅसिटरची दुरुस्ती खरी होती. आणि दुसरा आकडा मुद्दाम संध्याकाळी, थंड हवेत व पूर्ण व्होल्टेजवर घेतल्यामुळे फरक प्रत्यक्षापेक्षा दुप्पट दिसला.

मग करंटवरून कॉम्प्रेसर खरोखर बाद ठरवताच येत नाही का? येतो, पण एकट्या करंटवरून नाही. वाइंडिंगचे काही वेढे आपसांत भिडले असतील, तर कंडेन्सर स्वच्छ, व्होल्टेज पुरेसा आणि गॅसचा दाब सामान्य असतानाही करंट चढलेला राहतो. अशा वेळी वीज बंद करून, वायरी सोडवून कॉमन, रन आणि स्टार्ट या तिन्ही टर्मिनलांमधला रोध मोजतात. कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट यांची बेरीज रन ते स्टार्टएवढी येते, पण वेढे भिडलेले असतानाही ती जुळते, म्हणून प्रत्येक रोध कंपनीने दिलेल्या आकड्याएवढा आहे का हे पाहावे लागते, आणि कोणत्याही टर्मिनलपासून कॉम्प्रेसरच्या धातूच्या अंगापर्यंत वहन नसावे. आमच्या कॉम्प्रेसरचे आकडे बरोबर जुळले. रोटर अडकला असेल, तर आकडा दहा-अकरावर थांबतच नाही. तो तीस-चाळीसवर जातो आणि काही सेकंदांत ओव्हरलोड तुटतो. कमी करंट म्हणजे तब्येत उत्तम, असेही नाही. व्हॉल्व्ह झिजून गॅस आतल्या आत मागे फिरत असेल, तर मोटारीवर भारच येत नाही आणि करंट छान कमी दिसतो, फक्त खोली गार होत नाही. गॅस कमी असतानाही असेच घडते. म्हणून साडेचार ॲम्पिअर दाखवून लगेच ‘गॅस भरा’ म्हणणाऱ्यालाही दोन्ही दाब मोजून दाखवायला सांगावे.

खुद्द मीटरच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावेत. चिमट्यात एकच वायर असली पाहिजे. फेज आणि न्यूट्रल असलेली संपूर्ण केबल धरली, तर दोन्ही करंट एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्याजवळ येतो. उलट तीच वायर चिमट्यातून दोनदा फिरवली, तर आकडा दुप्पट होतो. फारच कमी करंट मोजताना ही युक्ती प्रामाणिकपणेही वापरतात, पण मग आलेल्या आकड्याला दोनाने भागावे लागते. आमच्याकडे तसे झाले नव्हते, व्हिडिओत वायर एकदाच गेलेली दिसते. इन्व्हर्टर एसीला मात्र यातले गणित जसेच्या तसे लावू नये, कारण त्याचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग बदलतो आणि चालू असतानाच करंट तीनवरून आठवर जाऊ शकतो.

त्या तंत्रज्ञाने आधी फोनवर ‘क्रमांक एकसारखे असू शकतात’ असे उत्तर दिले. दोन्ही क्रमांकांची छायाचित्रे, जोडांचे फोटो आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा उल्लेख असलेले लेखी पत्र पोचल्यावर तो स्वतः आला. ब्रेझिंगच झाले नव्हते, त्यामुळे नव्या गॅसचाही दावा टिकला नाही. युनिटमध्येच गॅस कोंडून ते नेले होते, हे त्याने मान्य केले. धुणे, कपॅसिटर आणि ने-आण यांचे अडीच हजार ठेवून बाकीचे चौदा हजार त्याने परत केले. तोच कॉम्प्रेसर अजून चालू आहे, आणि दर महिन्याला कंडेन्सर धुतल्यावर दुपारी तीन वाजता व्होल्टेज, बाहेरचे तापमान आणि करंट असे तीनही आकडे आम्ही एकाच ओळीत लिहून ठेवतो.