बाजूला बसणाऱ्यांसाठी व्हीए की आयपीएस? आधी फरश्या मोजा

बेळगावात वडगावच्या आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी पंचावन्न इंची टीव्ही आला. दुकानात समोर उभं राहून बघितला, काळा रंग डांबरासारखा काळा, लगेच पैसे मोजले. घरी भिंतीवर चढवला आणि पहिल्याच संध्याकाळी आई कॉटवरून म्हणाली, "माणसं पिठात घोळल्यागत दिसायल्यात की रे." मी सोफ्यावर होतो, मला सगळं झकास दिसत होतं. कॉटवर जाऊन बसलो तेव्हा पटलं. हिरवं मैदान विटकं, चेहरे फिकट, रात्रीच्या प्रसंगात काळ्याच्या जागी राखाडी. टीव्ही बिघडलेला नव्हता. एलईडी टीव्हीचा पडदा, म्हणजे पॅनेल, मुख्यतः दोन प्रकारचा असतो, व्हीए आणि आयपीएस. आमचा व्हीए होता, एवढंच.

दोन्ही पॅनेलमध्ये मागून दिवा लागतो आणि द्रवस्फटिकाचे रेणू तो प्रकाश अडवतात किंवा सोडतात. व्हीएमध्ये हे रेणू काचेला काटकोनात उभे असतात आणि उजेड सोडताना कलतात. कललेला रेणू समोरून वेगळा दिसतो, बाजूने वेगळा, म्हणून बाजूच्या माणसाला रंग बदललेले दिसतात. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर, आडवे पडून जागच्या जागी फिरतात, त्यामुळे बाजूनेही रंग बऱ्यापैकी तसेच राहतात. उजेड थोडा कमी होतो, पण चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो.

मग सगळ्यांनी आयपीएसच का घेऊ नये? काळ्या रंगासाठी. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, साधारण हजारास एक असतो, व्हीएचा तीन हजार किंवा त्याहून जास्त. दिवे घालवून सिनेमा बघितला तर आयपीएसवर वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या करड्या दिसतात आणि कोपऱ्यांत धुरकट चमक येते. पण आमच्याकडे संध्याकाळी ट्यूबलाइट चालूच असते. ती काचेवर पडली की व्हीएचाही काळा उजळतो आणि दोघांतलं अंतर बरंच मिटतं. दुकानदार हे सांगत नाही.

खोक्यावर बघण्याचा कोन १७८ अंश लिहिलेला असतो, दोन्ही प्रकारांवर. त्याला भुलू नका. त्या कोनातून कॉन्ट्रास्ट दहास एक उरला तरी तो आकडा छापता येतो. रंगांचं काय होतं याचा त्यात हिशेबच नाही. आणि क्यूएलईडी हा पॅनेलचा प्रकार नव्हे, त्याच्या पोटात दोन्हींपैकी काहीही असू शकतं.

घरी करायचं काम सोपं आहे. टीव्हीच्या मधापासून सरळ समोर जमिनीवर एक रेघ धरा. प्रत्येकाची जागा टीव्हीच्या भिंतीपासून किती फरश्या पुढे आणि त्या रेघेपासून किती फरश्या बाजूला, ते मोजा. बाजूचा आकडा पुढच्याच्या निम्मा असेल तर कोन सुमारे २७ अंश, दोन्ही सारखे असतील तर ४५. व्हीएचा रंग साधारण वीस-तीस अंशांपासून उतरायला लागतो. आमच्याकडे दोन फुटी फरश्या आहेत. सोफा पाच फरश्या पुढे, अगदी समोर. बाबांची खुर्ची चार पुढे आणि अडीच बाजूला, म्हणजे ३२ अंश, चालवून घेण्यासारखं. आईची कॉट दोन पुढे आणि तीन बाजूला, म्हणजे ५६ अंश. तिथे व्हीए हरणारच.

वळणारं ब्रॅकेट लावून टीव्ही वीस अंश कॉटकडे फिरवून बघितला. आई ३६ वर आली, पण सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथे पोरगी बसते, तिचा कोन सतरावरून सदतीस झाला. दुखणं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोज बसणारं एक जरी माणूस पस्तीस-चाळीस अंशांच्या पलीकडे असेल तर आयपीएस घ्या. सगळे समोर बसत असतील, किंवा टीव्ही दिवे घालवून बघायच्या खोलीत जाणार असेल, तर व्हीए.

खरेदीला जाताना, मग ते खडेबाजार असो की कोल्हापूर, पेन ड्राइव्हवर घरच्या माणसाच्या चेहऱ्याचा साधा फोटो न्या. पिक्चर मोड भडक असतो, तो स्टँडर्डवर आणायला लावा. फोटो थांबवून कॉटच्या कोनात जाऊन उभे राहा. जमिनीवर बसणारं कुणी असेल तर खालूनही बघा, व्हीए खालूनही फिकटतो. आणि जे मॉडेल, ज्या इंचाचं घ्यायचं तेच बघा. एकाच मॉडेलच्या त्रेचाळीस आणि पंचावन्न इंचांत पॅनेल वेगळा निघू शकतो.

आमचा व्हीए आता वरच्या खोलीत पलंगासमोर आहे आणि हॉलमध्ये आयपीएस. रात्री दिवे घालवले की पट्ट्या करड्या दिसतात, मला खटकतं. आईला विचारलं तर म्हणाली, "कुठल्या पट्ट्या?"