८ टक्के तिमाही की ७.९ टक्के क्षणोक्षणी?

एक लाख रुपये, मुदत एक वर्ष. पहिल्या ठेवीवर ८ टक्के, चक्रवाढ दर तिमाहीला, म्हणजे आपल्याकडच्या बँकांची नेहमीची रीत. दुसरीवर ७.९ टक्के, पण व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिळणार. अशी ठेव फक्त कागदावरच असते, पण ऐकायला भारीच वाटते.

पहिलीत (1 + 0.08/4)^4 = 1.08243, म्हणजे १,०८,२४३ रुपये.

दुसरीत a हा वार्षिक दर आणि n हे वर्षात व्याज जोडण्याचे हप्ते धरले, तर (1 + a/n)^n मधला n वाढवत न्यायचा. हप्ते वाढतात, पण प्रत्येक हप्त्याचा दरही तितकाच बारीक होतो. म्हणून रक्कम भरमसाट फुगत नाही, e^a पाशी थांबते. e^0.079 = 1.08220, म्हणजे १,०८,२२० रुपये. तिमाहीवालीच २३ रुपयांनी पुढे!

दोन्ही नेमके कुठे जुळतात? 4 × ln(1.02) = 0.0792. क्षणोक्षणीच्या ठेवीला निदान ७.९२ टक्के तरी हवेत. त्याच दराच्या क्षणोक्षणीच्या ठेवीपेक्षा तिमाहीत गमावतो ते साधारण a²/2n, इथे जेमतेम ०.०८ टक्का. दर ३६ टक्क्यांचा असेल, क्रेडिट कार्डासारखा, तर a चा वर्ग वीसपट होतो. तिथे मात्र हप्त्यांची संख्या जरूर विचारा.