कर्जाचे गुणपत्रक: नुसती बेरीज की किमान अटीसह बेरीज?

गोव्यातल्या एखाद्या छोट्या पतसंस्थेची कर्ज समिती गुणपत्रक ठरवायला बसली आहे असे समजू. निकष चार: परतफेडीचा इतिहास (भार ३५), हप्ता झेपण्याची ताकद (३०), जामीनदार (२०), धंद्यातली वर्षे (१५). प्रत्येकाला १० पैकी गुण द्यायचे, त्यांना भाराने गुणायचे, १० ने भागायचे आणि बेरीज करायची. ७० किंवा जास्त आले तर मंजूर, ५० ते ७० च्या आत फेरतपासणी, ५० च्या खाली नामंजूर.

आता दोन अर्ज घेऊ. मालीमच्या ट्रॉलरमालकाला याच क्रमाने ९, ३, ९, १० मिळाले. पेडण्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्या बाईंना ७, ७, ६, ७.

| | ट्रॉलरमालक | खोल्यावाल्या बाई |
|---|---|---|
| नुसती बेरीज | ७३.५, मंजूर | ६८, फेरतपासणी |
| किमान अटीसह | ७३.५, तरी फेरतपासणी | ६८, फेरतपासणी |

नुसत्या बेरजेत एका निकषातली उणीव दुसऱ्यातले जादा गुण भरून काढतात. ट्रॉलरमालकाचे नेमके तेच झाले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून त्याला ताकदीचे ३ गुण, आणि चांगल्या जामीनदाराने ते झाकले. पण जामीनदार हप्ता थकल्यावर कामाला येतो, हप्ता थकू नये यासाठी नव्हे.

दुसऱ्या पद्धतीत बेरीज तीच राहते, वर एकच अट येते: ताकदीला ४ पेक्षा कमी गुण असतील तर बेरीज कितीही असो, थेट मंजुरी नाही. मग फेरतपासणीत बंदीचे दोन महिने हप्ता कमी ठेवून बाकीच्या दहांत वाढवता येईल का, हे समिती पाहू शकते.

अटीऐवजी भार बदलून चालेल, असे कुणी सुचवेल. इतिहासाचे ५ काढून ताकदीला दिले तरी ट्रॉलरमालक ७०.५ वर मंजूरच राहतो. १० हलवल्यावर कुठे तो ६७.५ वर येतो, आणि तोवर बाकी सगळ्या अर्जांच्या बेरजा बदललेल्या असतात. एका छिद्रासाठी सगळे गुणपत्रक हलवणे मला पटत नाही.

म्हणून माझी निवड किमान अटीची, पण ती एकदोन निकषांनाच लावा. चारही निकषांना लावली की बहुतेक अर्ज फेरतपासणीत साचतात आणि समिती पुन्हा प्रत्येक फाईल हाताने वाचत बसते. जामीनदाराचा कागद आलेलाच नसेल तर तिथे शून्य भरू नका. माहिती नाही म्हणून अर्ज फेरतपासणीत ठेवा. बेरीज ६९.६ आली तर ती ७० धरू नका.

७० आणि ५० या रेषा तुमच्याच जुन्या कर्जांवर तपासा. फिटलेल्या आणि थकलेल्या दोन्ही कर्जांना, अर्जाच्या वेळी हाती असलेल्या माहितीवरच गुण द्या. थकलेली कर्जेही ७० च्या वर दिसू लागली, तर त्यांना कोणत्या निकषात कमी गुण होते ते बघा. किमान अट तिथे लावायची.