टीव्हीवर "No Signal" आलं आणि आई-बाबांचे साडेचार हजार गेले

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या आई-बाबांकडून एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने ४,५०० रुपये नेले. टीव्ही धडधाकट होता. रिमोटवरचं एक बटण चुकून दाबलं गेलं होतं आणि त्याने तेच बटण पुन्हा दाबून 'दुरुस्ती' केली.

झालं असं की दुपारी माझी भाची रिमोटशी खेळत होती. संध्याकाळी आईने मालिकेसाठी टीव्ही लावला, तर काळा पडदा आणि त्यावर इकडून तिकडे सरकणारी "No Signal" ही अक्षरं. बाबांनी सेट-टॉप बॉक्स बंद-चालू करून पाहिला, केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, लाईन चालू आहे काका, टीव्हीचा प्रॉब्लेम दिसतोय. मग बाबांनी टीव्हीच्या कंपनीचं नाव टाकून नेटवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. पलीकडचा माणूस छातीठोकपणे 'ऑथराइज्ड सर्व्हिस' म्हणत होता. तो नंबर कंपनीचा नव्हताच, हे नंतर टीव्हीच्या वॉरंटी कार्डावरचा नंबर पाहिल्यावर कळलं.

तासाभरात एक तरुण बॅग घेऊन आला. पहिला प्रश्न, टीव्ही किती वर्षांचा? पाच म्हटल्यावर वॉरंटी नाही हे त्याला कळलं. मोबाइलचा टॉर्च मारून मागे डोकावला आणि म्हणाला, "काका, एचडीएमआयचा बोर्ड गेलाय. असाच चालवला तर पॅनल जाईल, मग वीस हजारांच्या खाली काम नाही." मुलाला विचारतो, असं बाबा म्हणाले. "विचारा की, पण मला पंचवटीत कॉल आहे. परत यायचं म्हणजे पुन्हा व्हिजिट चार्ज." बाबा वरमले. आई चहा टाकायला आत गेली, बाबांना त्याने शेजारून स्टूल आणायला पाठवलं. बाबा परत आले तेव्हा तो बॅगेची चेन लावत होता. "बसवला बोर्ड." मग पडद्यासमोर पाठ करून उभा राहिला, रिमोट दाबला, चित्र आलं. याचे ३,३०० रुपये.

वर आणखी एक कडी. रिमोटवरची लाल, हिरवी, पिवळी, निळी बटणं दाखवून म्हणाला, नव्या बोर्डावर ही लॉक असतात, वर्षाचं ॲक्टिव्हेशन १,२०० रुपये, नाहीतर चॅनेल पुन्हा जातील. आईला ती बटणं कशाची हे कधीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिला ते पटलं.

मी गेलो आणि आधी टीव्हीच्या मागे पाहिलं. पाठीच्या झाकणावर, स्क्रूंच्या खाचांसकट, वर्षानुवर्षांची धूळ जशीच्या तशी होती. एका कोपऱ्यातल्या स्क्रूवर तर कोळ्याचं जाळं. झाकण न काढता बोर्ड बदलता येत नाही. दुसरी गोष्ट याहून पक्की. स्मार्ट टीव्हीचा मुख्य बोर्ड बदलला की टीव्ही नवा कोरा असल्यासारखा सुरू होतो. भाषा विचारतो, वायफायचा पासवर्ड मागतो, सगळ्या ॲपमध्ये पुन्हा लॉगिन करावं लागतं. इथे वायफाय जोडलेलं होतं आणि यूट्यूबवर आईची कालपर्यंतची कीर्तनं होती.

मग भाचीने काय दाबलं असेल ते करून पाहिलं. रिमोटवर वरच्या बाजूला 'इनपुट' नावाचं बटण असतं. काही रिमोटवर त्यालाच 'सोर्स' म्हणतात, काहींवर चौकोनात शिरणाऱ्या बाणाचं चित्र असतं. टीव्हीच्या मागे वायरी खुपसायची तीन-चार भोकं असतात आणि टीव्हीने त्यातल्या कुठल्या भोकातून येणारं चित्र दाखवायचं, हे या बटणाने ठरतं. आमच्या बॉक्सची वायर "HDMI 1" मध्ये आहे. इनपुट दाबून यादीत "HDMI 2" निवडलं, की तिथे काहीच जोडलेलं नसल्याने "No Signal" येतं. पुन्हा इनपुट, "HDMI 1", ओके, आणि बातम्या सुरू. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. म्हणाले, "बोर्ड बसला म्हणायचा!"

पडद्यावरची अक्षरं कोण लिहितंय ते आधी बघायचं. "No Signal" ही अक्षरं टीव्हीचा स्वतःचा बोर्ड काढतो. ती स्वच्छ दिसत असतील तर पॅनल आणि त्यामागचा उजेड चालू आहे आणि बोर्डही मेलेला नाही. पॅनल किंवा आतला उजेड गेला तर बहुधा आवाज येतो पण वाचायला काही दिसत नाही. याउलट पडद्यावर रिचार्ज संपल्याचा किंवा डिशचा सिग्नल नसल्याचा बॉक्सचा संदेश दिसत असेल, तर इनपुट बरोबर आहे. तेव्हा टीव्हीवाल्याला नव्हे, केबल किंवा डिशवाल्याला फोन करायचा.

इनपुट बरोबर असूनही "No Signal" येऊ शकतं. बॉक्स स्टँडबायवर असेल किंवा वायर ढिली झाली असेल. बॉक्सच्या रिमोटने बॉक्स चालू करा, वायर दोन्ही टोकांना काढून नीट बसवा. तरी नाही आलं तर तीच वायर टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय भोकात लावा आणि इनपुटमध्ये ते निवडा. तिथे चित्र आलं तर पहिलं भोक खरंच खराब आहे. पावसाळ्यात वीज कडाडल्यावर असं होतंही. पण तेव्हासुद्धा दुसऱ्या भोकावर टीव्ही आरामात चालतो, घाईने बोर्ड बदलायची गरज नाही. दोन्ही भोकांवर काही नाही, तर वायर किंवा बॉक्स बदलून पाहिल्याशिवाय टीव्ही उघडू देऊ नका.

काही नव्या छोट्या रिमोटवर इनपुटचं बटणच नसतं. तिथे घराच्या चित्राचं होम बटण दाबून वरच्या किंवा बाजूच्या पट्टीत इनपुटची यादी शोधावी लागते. आणि बॉक्सच्या रिमोटवरही बऱ्याचदा टीव्हीसाठी म्हणून 'एव्ही' किंवा 'सोर्स' असतं. आवाज वाढवताना बोट त्यावर पडलं की हाच गोंधळ.

आता ती चार रंगीत बटणं. ती आली टेलिटेक्स्टमुळे. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये टीव्हीवर बातम्या, हवामान वगैरेंची अक्षरी पानं दिसत. पानाच्या तळाशी चार रंगांत चार नावं असत आणि त्या रंगाचं बटण दाबलं की ते पान उघडे. टेलिटेक्स्ट मागे पडलं, बटणं राहिली. त्यांना स्वतःचं ठरलेलं काम नाही. त्या वेळी पडद्यावर जे उघडलेलं असेल ते ठरवतं. चॅनेलच्या यादीत पिवळं बटण एखादं चॅनेल आवडत्यांत टाकेल, पेनड्राइव्हवरचे फोटो पाहताना तेच दुसरं काही करेल. काम असेल तर पडद्याच्या खालच्या पट्टीत त्या रंगाचा ठिपका आणि शेजारी कामाचं नाव दिसतं. ठिपका नसेल तर बटण दाबून बहुधा काहीच होत नाही, आणि ते बिघाड नव्हे. त्यांना लायसन्स नाही, ॲक्टिव्हेशन नाही, वर्षाची फी तर नाहीच. चॅनेलचे पैसे केबल किंवा डिशवाला घेतो, त्याचा या रंगांशी काही संबंध नाही.

मी त्या माणसाला फोन करून काढलेला जुना बोर्ड आणि बिल मागितलं. "बोर्ड कंपनीत जमा झाला, बिल व्हॉट्सॲपवर टाकतो," म्हणाला. बिल आलं नाही, नंबर लागायचा थांबला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. यूपीआयने पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट, कॉलची नोंद आणि धूळ भरलेल्या स्क्रूंचे फोटो लावले. तिथे नाही निपटलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.